तळहात पिवळे, डोळे पांढरे

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात तीन पिढ्या एकदम आल्या. दादी, सून आणि सुनेच्या कडेवर दहा महिन्यांचा बाळ. दादींनी बसायच्या आधीच बाळाचा हात माझ्यासमोर धरला.

"बघा डॉक्टरबाई, हळद लावल्यासारखा हात झालाय. नाकाचा शेंडापण बघा. कावीळच आहे ही. मी म्हणत होते आधी माळ घालून आणू, ही ऐकतच नाही."

सून गप्प होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. आदल्या रात्रभर घरात याच विषयावर बोलणे चालले होते.

बाळाचे तळहात खरोखरच पिवळे-नारिंगी होते. तळपाय तसेच. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत आणि कपाळावर तोच रंग, फक्त थोडा फिका. मी बाळाला खिडकीपाशी नेले आणि उजेडात त्याच्या डोळ्यांची खालची पापणी हलकेच खाली ओढली. डोळ्यांचा पांढरा भाग दुधासारखा स्वच्छ होता. बाळ माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपशी खेळत होते आणि खदाखदा हसत होते.

मग मी आईला तीन गोष्टी विचारल्या. लघवीने लंगोट पिवळा होतो का? नाही. शी कुठल्या रंगाची होते? पिवळसर-नारिंगी, कधी तपकिरी. आणि बाळ खातो काय?

तिसऱ्या प्रश्नावर सगळा उलगडा झाला. सहा महिने पूर्ण झाल्यावर तिने वरचे खाणे सुरू केले होते. गाजर आणि लाल भोपळा कुकरमध्ये शिजवायचा, घोटून मऊ करायचा, वर चमचाभर तूप. बाळाला ती चव इतकी आवडली की वरणभात तोंडात घातला तर थुंकून टाकायचा. मग रोज सकाळी गाजर, संध्याकाळी भोपळा. असे दोन महिने चालले होते.

"बाळाला कावीळ नाही," मी दादींना म्हटले. "हा गाजराचा रंग आहे."

रंग येतो कुठून

गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, नारिंगी रताळे यांना त्यांचा रंग देणारे एक द्रव्य असते, त्याला कॅरोटीन म्हणतात. पालक आणि मेथीतही ते भरपूर असते, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेले असते. आपले शरीर या कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. पण जितकी गरज तितकेच तयार करते. त्याहून जास्त आलेले कॅरोटीन रक्तात फिरत राहते आणि हळूहळू कातडीत मुरते. या स्थितीला डॉक्टरी भाषेत कॅरोटिनेमिया म्हणतात. अमेरिकेतील हेस आणि मायर्स या डॉक्टरांनी १९१९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात नाही. या एका गोष्टीतून पुढचे सगळे समजते. कच्चे गाजर कचाकचा चावून खाल्ले तर त्यातले थोडेच कॅरोटीन अंगी लागते. तेच गाजर शिजवले, घोटले आणि त्यात तूप घातले की ते कितीतरी पटीने जास्त शोषले जाते. म्हणजे त्या आईने बाळासाठी जी पद्धत वापरली होती, तीच कॅरोटीन अंगात उतरवण्याची उत्तम पद्धत होती. गाजराचा हलवाही त्याच पद्धतीचा.

आता हिशोब पाहा. १०० ग्रॅम गाजरात साधारण ८ मिलिग्रॅम कॅरोटीन असते, तेवढ्याच लाल भोपळ्यात सुमारे ३ मिलिग्रॅम. बाळ रोज दोन्ही मिळून जवळपास ११ मिलिग्रॅम घेत होता. आकडा छोटा वाटतो, पण बाळाचे वजन होते साडेआठ किलो. साठ किलोच्या माणसाच्या मानाने पाहिले तर हे रोज ७५ मिलिग्रॅमहून जास्त झाले. मोठ्या माणसाने रोज २० ते ३० मिलिग्रॅम कॅरोटीन बराच काळ घेतले तरी कातडी पिवळी दिसू शकते. बाळाचे हात पिवळे झाले यात नवल नव्हते.

हा रंग तळहात, तळपाय आणि नाकाभोवतीच का दिसतो? कॅरोटीन घामातून आणि कातडीच्या तेलातून बाहेर पडते आणि कातडीच्या सगळ्यात वरच्या, कडक थरात साठते. तळहात-तळपायांवर हा थर सर्वांत जाड असतो. नाक आणि कपाळावर तेल व घाम जास्त सुटतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असा कडक थर नसतोच. म्हणून गाजराचा रंग डोळ्यांत उतरत नाही.

काविळीचे पिवळेपण वेगळे

काविळीत रंग येतो तो बिलिरुबिन नावाच्या द्रव्याने. आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की मोडतात आणि त्यातून हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून काढून घेते, त्यावर प्रक्रिया करते आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडते. शौचाचा तपकिरी रंग त्यामुळेच असतो.

यकृताला सूज आली किंवा पित्ताची नळी खड्याने अडली की हा रस्ता बंद पडतो. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शौच फिकट, मातीसारखी पांढुरकी होते. तिकडे न गेलेले बिलिरुबिन रक्तात परत येते. प्रक्रिया झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळते, त्यामुळे ते लघवीत उतरते आणि लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा काळ्या चहासारखी गडद होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला तर ते चटकन धरते. म्हणून काविळीत आधी लघवी गडद होते, मग डोळे पिवळे दिसतात आणि मग कातडी.

गाजराचे कॅरोटीन पाण्यात विरघळत नसल्यामुळे लघवी गडद करत नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते, बीटाने गुलाबी होते, पाणी कमी प्यायल्याने दाट होते. पण भरपूर पाणी पिऊनही लघवी चहासारखीच राहिली आणि तिचा फेससुद्धा पिवळा दिसला, तर ते यकृताकडे बोट दाखवणारे लक्षण आहे.

त्या दिवशी मी बाळाची रक्ततपासणी सांगितली नाही. बाळाचे वजन वाढत होते, पोट मऊ होते, यकृत हाताला वाढलेले लागत नव्हते, डोळे पांढरे होते. गाजर-भोपळा पूर्ण बंद करायलाही सांगितले नाही, कारण ते काही विष नाही. आठवड्यातून दोनदा छोटी वाटी पुरे, असे सांगितले. बाकी दिवस वरणभात, नाचणीची पेज, केळे, बटाटा, अंड्याचा पिवळा बलक. बाळ आठवडाभर थुंकेल, मग खाईल.

दादींना एक भीती होती, की एवढे 'अ' जीवनसत्त्व पोटात जाऊन बाळाला बाधेल. ती भीती गाजराबाबत खरी नाही, कारण शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते. बाधते ते तयार 'अ' जीवनसत्त्व, म्हणजे गोळ्या-कॅप्सूल मनाने भारंभार घेतल्या तर. लसीकरण केंद्रात ठरलेल्या वयाला 'अ' जीवनसत्त्वाचा जो डोस देतात, तो मात्र मापून दिलेला असतो. तो चुकवू नये.

रंग लगेच जात नाही हेही मी बजावले. कातडीत मुरलेला रंग कातडीच्या वरच्या थराबरोबरच निघतो. बाळाचे हात नेहमीसारखे व्हायला दोन महिने लागले.

त्याच घरातली दुसरी गोष्ट

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

बाळाचा चाचा, वय चौतीस, रोज पहाटे फिरायला जायचा आणि परतताना मैदानाबाहेरच्या गाडीवर गाजराच्या रसाचे दोन मोठे ग्लास प्यायचा. एका ग्लासाला अर्धा किलो गाजरे लागतात. काही कॅरोटीन चोथ्यात राहते, तरी ग्लासात २०-२५ मिलिग्रॅम उतरतेच. दोन ग्लासांचे दुप्पट. चार महिन्यांत त्याचेही तळहात नारिंगी झाले होते. बाळाचे निदान ऐकल्यावर घरात हसू पिकले, "चाचा-भतीजा दोघेही गाजरवाले!"

साधारण महिन्याभराने त्याला थकवा जाणवू लागला. दुकानात बसवेना. बिर्याणीच्या वासाने मळमळू लागले. दोन दिवस अंगात कणकण होती. लघवी गडद झाली तेव्हा बायकोने टोकले. तो म्हणाला, "डॉक्टरबाईंनीच सांगितलंय ना, गाजराचा रंग आहे म्हणून." रस चालूच राहिला. उलट, ताकद येईल म्हणून एक ग्लास वाढवला.

आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी सकाळी तो गच्चीवर बसला असताना उन्हात बायकोला त्याचे डोळे दिसले. पिवळेजर्द. रात्री घरातल्या दिव्याच्या उजेडात ते दिसले नव्हते, कारण पिवळसर दिव्याखाली डोळ्यांतला पिवळेपणा लपतो.

त्याच दिवशी दोघे माझ्याकडे आले. रक्तातले बिलिरुबिन ९ निघाले. ते निरोगी माणसात १ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि २-३ च्या पुढे गेले की डोळ्यांत दिसू लागते. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटीचा आकडा हजाराच्या वर होता. पुढच्या तपासणीत 'हिपॅटायटिस ई' निघाला. म्हणजे दूषित पाण्यातून येणारी कावीळ.

माझे शब्द त्याने चुकीच्या जागी लावले होते, पण त्यात माझीही चूक होती. मी घराला सांगितले होते, 'हा रंग निरुपद्रवी आहे'. सांगायला हवे होते ते असे: 'डोळे पांढरे आहेत तोवर हा रंग निरुपद्रवी आहे'. गाजर खाणाऱ्या माणसालाही कावीळ होऊ शकते. तळहाताचा नारिंगी रंग डोळ्यांच्या पिवळेपणाचा खुलासा कधीच करत नाही.

या घरात धोका फक्त त्याला नव्हता. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. 'हिपॅटायटिस ई' बहुतेक तरुण माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. अशा दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही, पाण्यातून येतो. पण पाणी तर सगळ्यांचे एकाच टाकीतले होते. त्यामुळे तिचे यकृताचे रक्त त्याच दिवशी तपासले आणि काही दिवसांनी पुन्हा तपासले. पिण्याचे पाणी उकळून घ्यायला, टाकी रिकामी करून धुवायला आणि बाहेरचा बर्फ व रस बंद करायला सांगितले. तिचे दोन्ही अहवाल चांगले आले. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

चाचाला बरे व्हायला सहा आठवडे लागले. त्याला औषधे फारशी दिलीच नाहीत. विश्रांती, पचेल तसे साधे खाणे, भरपूर उकळलेले पाणी आणि दर आठवड्याला रक्ततपासणी. एक गोष्ट मात्र कडक बंद होती: तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या आणि कुठलेही काढे मनाने घेणे. सुजलेल्या यकृताला तेही जड जातात. झोप उलटसुलट होऊ लागली, बोलण्यात गोंधळ आला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आले, तर रात्री-अपरात्री रुग्णालय गाठायचे, हेही सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

माळ आणि चुन्याचे पाणी

दादी ज्या माळेबद्दल बोलत होत्या, ती आपल्याकडे अनेक गावांत मिळते. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवून ती करतात. काड्या वाळल्या की आकसतात, फास सैल होतात आणि माळ लांबते. लोक समजतात कावीळ उतरतेय. ही माळ खुंटीला टांगली तरी लांबते.

हात धुऊन कावीळ काढण्याचेही तसेच. आधी हातांना झाडाच्या सालीचा रस चोळतात, वर चुन्याचे पाणी ओततात. ते दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाच्या हातांनीही होते. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला जाते. ज्याच्या पित्तनळीत खडा आहे, त्याचे मात्र या दिवसांत नुकसान होते. बाळाला माळ घातली असती तर आणखी एक गंमत झाली असती: गाजर बंद झाल्यावर रंग गेला असता आणि माळेने कावीळ उतरवली असे घर आयुष्यभर म्हणत राहिले असते. आजाऱ्यासाठी दुआ जरूर करावी, पण रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी.

गाजर न खाता हात पिवळे झाले तर

कधी कधी डोळे पांढरे असतात, तळहात पिवळे असतात आणि माणूस गाजर-भोपळा फारसा खातच नाही. अशा वेळी थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. थायरॉइड मंद झाले की कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर कमी होते आणि साधे जेवण जेवूनही ते अंगात साठते. बाईला सोबत थंडी जास्त वाजत असेल, वजन वाढत असेल, केस गळत असतील, पाळी बिघडली असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही असे दिसते.

नवजात बाळाची गोष्ट पूर्ण निराळी आहे. ते गाजर खातच नाही, म्हणून त्याच्या पिवळेपणाला हा खुलासा लागू नाही. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ बऱ्याच बाळांना होते आणि डॉक्टरांच्या नजरेखाली ती उतरते. पण पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळे झाले, किंवा दोन आठवड्यांनंतरही पिवळेच राहिले, तर थांबू नये. त्यातही शी पांढुरकी होत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. काही बाळांची पित्तनळी जन्मतःच बंद असते आणि तिची शस्त्रक्रिया साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते.

घरी कसे पाहावे

दिवसा, खिडकीपाशी किंवा अंगणात उभे राहून पाहावे. खालची पापणी हलकेच खाली ओढून माणसाला वर बघायला सांगावे. बुबुळाच्या खालचा पांढरा भाग पिवळा आहे का तेवढेच पाहायचे. कातडी सावळी असली तरी इथे फसगत होत नाही. हाताला मेंदी असेल तर तळहातावरून काही कळत नाही, तळपाय पाहावेत. हळदीचे उटणे लावले असेल तर आधी साबणाने धुवावे. मग लघवीचा आणि शौचाचा रंग पाहावा.

डोळे पांढरे, लघवी साधी, भूक चांगली आणि ताटात रोज गाजर-भोपळा असेल, तर तो कमी करून दोन-तीन महिने वाट पाहायला हरकत नाही. डोळे पिवळे किंवा लघवी चहासारखी असेल, तर ताटात काय होते याचा हिशोब करत बसू नये, रक्त तपासावे. बिलिरुबिनची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, आणि शंका असेल तर तीच शेवटचा निकाल देते. नुसत्या गाजराच्या रंगात बिलिरुबिन वाढलेले नसते.

परवा दादी पुन्हा आल्या, या वेळी स्वतःच्या गुडघ्यांसाठी. बाळ आता चालतो आणि वरणभात खातो. जाताना दादी म्हणाल्या, "आता घरात कुणी जरा मळमळतंय म्हटलं की मी आधी त्याला गच्चीवर नेते आणि डोळे बघते." चाचाने गाजराचा रस सोडला आहे. आता तो गाजर घरीच धुऊन, कच्चे, जेवणाबरोबर एखादे खातो.